गडद बसलेला केसांचा रंग उतरवताना : एकवीस दिवसांच्या नोंदी

२ मार्च, रात्री

भांगापाशी पिकलेले केस चार बोटे वाढले होते म्हणून घरीच रंग लावला. खोक्यावर मध्यम तपकिरी छटा दाखवली होती आणि रंगात मिसळायचा डेव्हलपर ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा होता. मुळांना लावून झाल्यावर वाटीत बराच रंग उरला. तो वाया जाऊ नये म्हणून मी खांद्यापर्यंतच्या सगळ्या केसांना चोळला आणि ३० मिनिटांऐवजी ४५ मिनिटे तसाच ठेवला. धुतल्यावर केस काळेभोर दिसले. ओले केस नेहमीच अधिक गडद दिसतात, अशी मनाची समजूत घालून झोपले.

३ मार्च, सकाळी

खिडकीपाशी उभे राहून, हाताशी पांढरा कागद धरून, कोरड्या केसांकडे पाहिले. भांगापासून साधारण चार बोटांपर्यंतचा भाग हवा तसा तपकिरी झाला आहे, त्याखालचा सगळा भाग मात्र जवळजवळ काळा आहे. चूक कुठे झाली हे यावरूनच स्पष्ट होते. खालच्या केसांना मागच्या वर्षभरात तीनदा रंग लागला होता. त्या जुन्या रंगावर नवा रंग चढला, आणि वारंवार रंगवलेले केस सच्छिद्र झालेले असल्यामुळे त्यांनी तो अधिक शोषला. मुळांच्या ताज्या केसांत जुना रंग नव्हताच, म्हणून तिथे खोक्यावरची छटा आली. वेळ ठरल्याप्रमाणे पाळला असता तरी लांबी थोडी गडद झालीच असती. जास्तीच्या १५ मिनिटांनी तिचे काळे केले.

ही विभागणी लक्षात आल्यामुळे कामाचे स्वरूप ठरले. मुळांना हात लावायचा नाही, फक्त लांबी उजळायची. ब्लीच वापरायचे नाही, हेही आजच ठरवले, कारण ब्लीच कृत्रिम रंगाबरोबर केसांतला मूळचा रंगही खाते आणि तीनदा रंगवलेल्या टोकांना ते सोसवेल असे मला वाटत नाही. खाण्याचा सोडा, भांडी घासायचा साबण आणि लिंबू लावून उन्हात बसणे, हे सगळे सल्ले ताईने फोनवर दिले. त्यांतले पहिले दोन केस रखरखीत करतात आणि तिसऱ्याने उजाळा कुठे किती येईल याचा नेम नसतो, म्हणून ते बाजूला ठेवले.

मानेमागच्या आतल्या थरातून काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या चार बटा कापल्या आणि प्रत्येक बट वरच्या टोकाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधली. लाल दोऱ्याची बट नुसत्या शाम्पूसाठी, पांढऱ्याची व्हिटॅमिन सीसाठी, पिवळ्याची रंग उतरवणाऱ्या रिमूव्हरसाठी आणि काळ्याची तुलनेसाठी जशीच्या तशी. पुढे सगळे निर्णय या बटांनीच सोपे केले.

३ मार्च, संध्याकाळी

पहिला उपाय क्लॅरिफाइंग शाम्पू. हा नेहमीच्या शाम्पूपेक्षा तीव्र असतो आणि केसांवर साचलेले तेल, कंडिशनरचे थर व पाण्यातले क्षार काढण्यासाठी बनवलेला असतो. रंग नुकताच लावलेला असेल तर केसांच्या बाहेरच्या खवल्यांत सैल राहिलेले रंगद्रव्यही त्याबरोबर निघते. केस कोमट पाण्याने भिजवले, शाम्पू फक्त लांबीवर चोळला, फेस झाल्यावर ५ मिनिटे ठेवला आणि धुतला. हेच लगेच दुसऱ्यांदा केले. पहिल्या वेळी वाहणारे पाणी गडद तपकिरी होते, दुसऱ्या वेळी अगदी फिकट. मग कंडिशनर भरपूर लावून १० मिनिटे ठेवला.

केस वाळल्यावर फरक दिसला तो एवढाच की काळेपणातली निळसर झाक गेली.

४ मार्च

आज पुन्हा दोनदा शाम्पू. पाणी जवळजवळ स्वच्छ वाहिले आणि केसांत काहीही बदल दिसला नाही. लाल दोऱ्याची बट मात्र मी वाटीत ठेवून सलग सहा वेळा धुतली. ती काळ्या दोऱ्याच्या बटेशेजारी ठेवली असता फरक दिसतो, पण तो शोधावा लागतो.

याचे कारण रंगाच्या रचनेत आहे. कायमस्वरूपी रंगातले कण लावताना लहान आणि बहुतेक बिनरंगी असतात. अमोनिया किंवा तत्सम घटक केसांचे खवले उघडतात, कण आत शिरतात, आणि तिथे पेरॉक्साइडच्या क्रियेने एकमेकांना जोडून मोठे व रंगीत होतात. मोठे झालेले कण बाहेर येऊ शकत नाहीत. शाम्पू बाहेरचे सैल द्रव्य नेतो, आतल्या कणांपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून पाणी स्वच्छ वाहू लागले की शाम्पूचे काम संपले असे समजावे. त्यानंतरही रोज धूत राहिलात तर केस कोरडे होण्यापलीकडे काही हाती लागत नाही. माझी टोके आजच काड्यांसारखी वाटू लागली आहेत, त्यामुळे शाम्पू इथेच थांबवला. रंग तात्पुरता किंवा अर्ध-कायमचा असता तर मी आणखी दोन-तीन वेळा धुतले असते, कारण त्याचे कण असे जोडलेले नसतात.

५ मार्च

व्हिटॅमिन सीचा दिवस, आणि पूर्ण वाया गेलेला. घरात व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या होत्या. १२ गोळ्या कुटून शाम्पूत मिसळल्या. चघळायच्या गोळ्यांत साखर, चव आणि नारिंगी रंग असतो, हे मला कुटताना त्या खलबत्त्याला चिकटल्यावर सुचायला हवे होते. मिश्रण लिबलिबीत झाले, केसांत गोळ्यांचे कण अडकले आणि ४० मिनिटांनंतर डोक्याला गोड वास येऊ लागला. ते काढायला दोन वेळा धुवावे लागले. केस किंचितही उजळले नाहीत. फसफसणाऱ्या गोळ्याही टाळाव्यात, कारण त्यांत सोडा असतो आणि पाणी लागताच तो आम्लाची धार बोथट करतो. उपयोगी पडते ती शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाची पूड, किंवा साखर व रंग नसलेली साधी गिळायची गोळी.

६ मार्च

शुद्ध पूड आणली. प्रथम पांढऱ्या दोऱ्याच्या बटेवर करून पाहिले आणि मगच डोक्यावर. चहाचा दीड सपाट चमचा पूड, म्हणजे साधारण ६ ग्रॅम, आणि तीन मोठे चमचे क्लॅरिफाइंग शाम्पू काचेच्या वाटीत एकत्र करून थोड्या कोमट पाण्याने पातळ लेपासारखे केले. हे मिश्रण आधी बनवून ठेवू नये, कारण ओले झालेले व्हिटॅमिन सी हवेत हळूहळू निकामी होते. केस ओले करून टॉवेलने टिपले, टाळूपासून चार बोटे सोडून लांबीला लेप लावला, प्लॅस्टिकची टोपी घातली आणि ४५ मिनिटे बसले.

ॲस्कॉर्बिक आम्ल पाण्यात चांगलेच आंबट होते आणि फुटलेल्या किंवा खाजवलेल्या त्वचेला झोंबते. माझ्या कानामागे लेप ओघळला तिथे चुरचुरले. ती जागा पाण्याने पुसून काढल्यावर बरे वाटले. चुरचुर वाढत गेली तर वेळेची वाट न पाहता सगळे धुवावे. पुढच्या वेळी लावणाऱ्याने कपाळावर, कानांवर आणि मानेवर आधी थोडे व्हॅसलीन लावून ठेवावे.

धुताना पाणी पुन्हा तपकिरी वाहिले आणि या वेळी ते दोन मिनिटे तसेच राहिले. मोठा थर कंडिशनर. वाळल्यावर खिडकीपाशी पाहिले तर लांबीचा मधला भाग काळ्याऐवजी फार गडद तपकिरी दिसू लागला होता, म्हणजे माझ्या अंदाजाने अर्धी ते पाऊण छटा उजळला होता. टोके मात्र जशीच्या तशी राहिली. टोकांवर चार वेळच्या रंगाचे थर आहेत आणि तेवढे उतरवण्याची शक्ती या उपायात नाही. व्हिटॅमिन सी हे सौम्य क्षपणकारक आहे, म्हणजे रंगाच्या कणांतले काही बंध ते सोडवते, पण कायमस्वरूपी रंगावर त्याची पकड कमी आणि रंग जुना होत जाईल तशी आणखी कमी. मी ५ तारीख गोळ्यांत घालवली नसती तर कदाचित थोडे अधिक निघाले असते.

८ मार्च

काल पुन्हा एकदा व्हिटॅमिन सी करून पाहिले होते. त्याने फरक इतका कमी पडला की तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही. आज रिमूव्हरचा विचार.

रिमूव्हर म्हटले की अनेकांना ब्लीच वाटते. ते तसे असेलच असे नाही. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून खोके नीट वाचावे. ज्यात पावडर आणि पेरॉक्साइड एकत्र करायचे असते ते ब्लीचच्या जातीचे. मला हवे होते ते दोन बाटल्यांचे, गंधकयुक्त क्षपणकारक असलेले. ते केसांतला कृत्रिम रंगाचा मोठा कण तोडून पुन्हा लहान व बिनरंगी करते आणि केसांच्या मूळ रंगाला हात लावत नाही. यातून त्याच्या मर्यादाही निघतात. मेंदी व नीळ त्याने निघत नाही, थेट चढणारे निळे-गुलाबी रंगही नीट निघत नाहीत, आणि पूर्वीच्या डेव्हलपरने जे उजळले असेल ते परत गडद होत नाही. म्हणून खाली नारिंगी-तांबूस पट्टा निघतो. माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की पिकलेल्या केसांवरचा रंगही ते तितक्याच निष्ठेने उतरवते. भांगाला लागले तर पांढरे केस पुन्हा उघडे पडणार.

पिवळ्या दोऱ्याच्या बटेवर थोडे मिश्रण करून ३० मिनिटे ठेवले. कुजलेल्या अंड्यांसारखा वास खिडक्या उघडल्या तरी घरभर पसरला. बट धुतल्यावर ती तांबूस तपकिरी झाली होती. काळ्या दोऱ्याच्या बटेशेजारी ती कोणा दुसऱ्याच्याच डोक्यातली वाटली.

९ मार्च

केस कोरडे, त्यांवर तेल किंवा कंडिशनर नाही. भांगापासून चार बोटांपर्यंतचा भाग चिमट्यांनी वर बांधून त्याला कंडिशनर चोपडला, म्हणजे रिमूव्हर चुकून लागले तरी तिथे कमी भिनेल. दोन बाटल्या एकत्र केल्या आणि लगेच लावल्या, कारण मिश्रणाचा जोर लवकर उतरतो. टोकांपासून सुरुवात केली, शेवटी मधला भाग. वरून प्लॅस्टिक गुंडाळले. माझ्या खोक्यातल्या पत्रकाप्रमाणे २० मिनिटांनी एक बट पुसून पाहिली, आणखी १५ मिनिटे ठेवले.

मग धुतले. इथे मी घाई केली आणि हीच या कामातली सर्वांत महाग चूक ठरली. पत्रकात १० मिनिटे कोमट पाण्याने, मग खोक्यातल्या धुण्यासाठीच्या तिसऱ्या, शेवटच्या बाटलीने दोनदा आणि पुन्हा पाण्याने, असे लिहिले होते. वासाने डोके उठले होते, केस पाहून आनंद झाला होता, म्हणून मी चार-पाच मिनिटांत पाणी बंद केले आणि शेवटची बाटली एकदाच वापरली. वाळल्यावर लांबी हवी त्याहूनही उजळ, मधाळ तपकिरी दिसली. ताईला छायाचित्र पाठवले. तिने लिहिले, “अगं, आता कशालाही हात लावू नकोस.”

११ मार्च

सकाळी आरशात केस पुन्हा गडद. काळे नाहीत, पण ९ तारखेच्या छायाचित्राशेजारी ठेवले तर छटाभर तरी खाली गेलेले. याला काही गूढ कारण नाही. रिमूव्हरने कण लहान केले, पण मी ते धुऊन बाहेर काढलेच नाहीत. केसांत राहिलेल्या कणांना हवेतला ऑक्सिजन मिळाला आणि ते पुन्हा जोडले जाऊन रंगीत झाले. म्हणजे रिमूव्हरचे अर्धे काम बाटलीत असते आणि अर्धे नळाखाली.

खात्री करून घेण्यासाठी औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणले. डोक्यावरची एक बारीक बट कापून त्यावर ते टाकले आणि ५ मिनिटे पाहत बसले. टोकाकडून गडद तपकिरी सावली वर सरकत आली. उरलेले कण रंगीत झाले की असेच दिसते. ही चाचणी डोक्यावर करू नये. कापलेल्या बटेवर करावी.

नुकसानीचा हिशेब : रिमूव्हरचे एक खोके, सुमारे तीन तास आणि टोकांचा उरलासुरला मऊपणा.

१४ मार्च

तीन दिवस केसांना केवळ कंडिशनर आणि विश्रांती दिली. आज दुसरे खोके. लावण्याची पद्धत तीच, पण वेळ २० मिनिटेच ठेवली, कारण या वेळी काढायचे कमी होते. धुण्यासाठी मात्र मोबाइलवर वेळ लावला. १२ मिनिटे कोमट वाहते पाणी, लांबी बोटांनी वेगळी करून मागून पुढून. नंतर शेवटची बाटली, एक मिनिट चोळून. पुन्हा ५ मिनिटे पाणी. पुन्हा बाटली. पुन्हा १० मिनिटे पाणी. एकूण अर्ध्या तासाच्या आसपास. पाठ दुखली. केसांचा वास शेवटपर्यंत गेला नाही, पण पहिल्या वेळेपेक्षा तो कितीतरी कमी होता.

पाणी पूर्ण गळून गेल्यावर एक बट कापून तीच पेरॉक्साइडची चाचणी केली. १० मिनिटांत किंचित सावली आली आणि तिथेच थांबली. हे मला चालण्यासारखे होते, म्हणून केस वाळू दिले. ड्रायर वापरला नाही.

१८ मार्च

चार दिवसांत छटा बदललेली नाही. रोज सकाळी ८ वाजता त्याच खिडकीपाशी त्याच पांढऱ्या कागदाशेजारी छायाचित्र काढते आहे आणि चारही एकसारखी आहेत. लांबी आता मध्यम ते गडद तपकिरीच्या मध्ये आहे, मुळांशी बऱ्यापैकी जुळते. टोकांकडे तांबूस झाक आहे. रिमूव्हरने ती निर्माण केली नाही. गडद रंगाखाली ती आधीपासूनच दडलेली होती. आठवड्यातून एकदा निळसर छटेचा शाम्पू वापरला तर ती शमते, कारण निळा नारिंगीला मारतो. मी एकदाच, दोन मिनिटांपुरता वापरला. उन्हात झाक दिसते, घरात दिसत नाही. मला ती आवडू लागली आहे, तेव्हा तिच्यामागे अधिक लागणार नाही.

केसांचा वास १७ तारखेपर्यंत ओले झाल्यावर येत होता. आता येत नाही.

टोके कोरडी आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. रिमूव्हर ब्लीचइतके केस खात नाही, पण दोन वेळचे रिमूव्हर, चार वेळचा तीव्र शाम्पू आणि दोन वेळचे आम्ल, सगळे मिळून त्यांनी आपले काम केलेच. दोन इंच टोके उद्या कापून घेणार आहे, जेणेकरून सर्वाधिक थरांचा भागही जाईल.

२२ मार्च

केशकर्तनालयात टोके कापून घेतली तेव्हा तिथल्या बाईंनी केस बोटांत धरून विचारले, “रिमूव्हर वापरलंत का?” आणि पुढच्या वेळी लांबीला रंग अजिबात लावू नका असे बजावले. मला ते पटलेले होतेच, तरी कापून टाकलेल्या टोकांवर प्रयोग करायचा मोह झाला. पहिल्या दिवशी वाटीत काढला नव्हता असा थोडा रंग आणि डेव्हलपर बाटल्यांत बंद राहिला होता. तो ताजा मिसळून एका टोकाच्या बटेला लावला.

१० मिनिटांत ती बट काळ्या दोऱ्याच्या बटेइतकी गडद झाली. रिमूव्हर लावलेला केस रंग भराभर पकडतो, शिवाय डेव्हलपरमधले पेरॉक्साइड आत राहिलेल्या जुन्या कणांनाही रंगीत करते, हे ऐकून होते. आता बट समोर आहे. मुळांचे पांढरे केस दिसू लागतील तेव्हा एक छटा उजळ रंग घेऊन तो फक्त वाढलेल्या दोन बोटांनाच, ब्रशने, ३० मिनिटे लावणार आहे. लांबीला तेव्हा कंडिशनर चोपडून वर बांधून ठेवेन. वाटीत उरलेला रंग कचऱ्यात जाईल.